चेक वटला नाही, आता शिक्षा कशासाठी?

द्राक्षाचा हंगाम संपत आला की तासगावातल्या वकिलांच्या ऑफिसात एक ठरावीक माणूस येतो. दरवर्षी नाव वेगळं, गाव वेगळं, पण हातातली पिशवी तीच. तिच्यात वजनाच्या चिठ्ठ्या, एखादी कच्ची पावती आणि बँकेनं परत केलेला चेक. या लेखापुरतं आपण त्याला आबा म्हणू. आबा खुर्चीत टेकतात, पुढं ठेवलेल्या पाण्याला हात लावत नाहीत आणि एका दमात बोलतात, "साहेब, त्याला आत टाका. पुन्हा कुठला व्यापारी असलं करायला धजला नाही पाहिजे. आणि माझं पैसं तेवढं काढून द्या."

ही तीन वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की आता थांबून त्यांच्याकडं नीट बघावंसं वाटतं. गुन्हेगाराला शिक्षा का करायची, या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं त्यांत आहेत. पहिलं वाक्य झालेल्या कृत्याकडं बघतं: त्यानं वाईट केलं, त्याला त्याचं फळ मिळालं पाहिजे. दुसरं पुढच्या हंगामाकडं आणि बाकीच्या व्यापाऱ्यांकडं बघतं: जरब बसली पाहिजे. तिसरं आबांच्या स्वतःच्या मोडलेल्या गणिताकडं बघतं: जे बिघडलं ते सांधलं गेलं पाहिजे. पुस्तकांत यांना प्रतिशोध, प्रतिरोध आणि पुनर्स्थापना अशी जड नावं आहेत. आपण फळ, जरब आणि सांधणं म्हणू. आबांना तिन्ही हवीत यात काही चूक नाही. पण ही तिन्ही कधी एका दिशेला ओढतात, कधी एकमेकांच्या विरुद्ध, आणि त्या ओढाताणीत माणूस गोंधळतो.

आधी प्रकरण समोर ठेवू. अशा बऱ्याच प्रकरणांवरून मी ते बेतलं आहे आणि आकडे हिशेबाला सोपे पडतील असे घेतले आहेत. आबांच्या दोन एकर बागेतून बारा टन माल निघाला. आपल्याकडं दर चार किलोच्या पेटीवर ठरतो. तीन हजार पेट्या, पेटीला १४० रुपये, म्हणजे ४ लाख २० हजार. व्यापाऱ्यानं पहिल्या दिवशी एक लाख रोख दिले, म्हणून विश्वास बसला. उरलेल्या ३ लाख २० हजारांचा चेक दिला. गावातल्या आणखी सहा जणांचा मालही त्यानं असाच उचलला. मग एका सकाळी त्याच्या भाड्याच्या खोलीला कुलूप दिसलं.

आता आबांचं पहिलं वाक्य घेऊ. "त्याला आत टाका" ऐकलं की शिकलेली माणसं नाक मुरडतात. त्यांना तो सूड वाटतो. मला तसं वाटत नाही. सुडाला माप नसतं, तो ज्याचं नुकसान झालं तोच घेतो आणि तो कुठं थांबेल याचा भरवसा नसतो. केल्याचं फळ म्हणून दिलेल्या शिक्षेला माप असतं. गुन्हा जेवढा, शिक्षा तेवढीच. ती तिऱ्हाईतानं ठरवायची, आणि ती भोगून झाली की विषय संपला. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यानं १७९७ मध्ये हा विचार अगदी टोकाला नेऊन मांडला. एखाद्या बेटावरच्या लोकांनी समाज मोडून जगभर पांगायचं ठरवलं, तरी निघण्याआधी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला शिक्षा झालीच पाहिजे, असं तो म्हणाला. त्या शिक्षेचा पुढं कुणालाच उपयोग नाही, कारण तिथं समाजच उरणार नाही. तरीही ती द्यायची, कारण ती त्याच्या कृत्याला लागू आहे. इतकं कठोर मत अनेकांना पटत नाही. पण या विचारातून दोन गोष्टी मिळतात आणि त्या सोडून चालणार नाही.

पहिली गोष्ट, दोषी नसेल त्याला हात लावायचा नाही. व्यापारी पळाला त्या दिवशी गावाच्या हाती लागला तो त्याच्या टेम्पोचा ड्रायव्हर. पोरगं परगावचं, रोजावर आलेलं. चिडलेल्या लोकांनी त्याला देवळापुढं बसवून ठेवलं. "याला चांगला चोपला की बाकीच्यांना कळंल," असं कुणीतरी म्हणालं. आता नीट बघा, जरब बसवणं एवढंच शिक्षेचं कारण मानलं, तर या बोलण्यात चुकीचं काय ते सांगता येणं अवघड होतं. ड्रायव्हरला चोपल्यानं भीती पसरली असतीच. ते चुकीचं आहे असं आपलं मन ठामपणे सांगतं, कारण मनात खोलवर पहिलं तत्त्व बसलेलं असतं. त्या पोरानं काही केलेलं नाही, मग दुसऱ्यांना धडा देण्यासाठी त्याला वापरायचं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मनातला हेतू. समजा दोन व्यापाऱ्यांचे चेक परत आले. एकानं पहिल्या दिवसापासून बुडवायचंच ठरवलं होतं. दुसऱ्यानं माल घेतला, बाजार कोसळला, पुढच्या पेढीनं त्याचेच पैसे अडवले आणि तो तोंड लपवून बसला. आबांचं नुकसान दोन्हीकडं सारखंच आहे. पण दोघांना एकच फळ मिळावं असं तुम्हाला वाटतं का? कायद्यालाही तसं वाटत नाही. फसवणुकीच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे, पण त्यासाठी व्यवहार करतानाच लबाडीचा हेतू होता हे सिद्ध करावं लागतं. नुसता शब्द पाळता आला नाही, एवढ्यानं फसवणूक होत नाही. फिर्याद देताना अनेक शेतकरी इथंच अडकतात. "पैसे दिले नाहीत" एवढं लिहून भागत नाही. त्यानं खोटं नाव सांगितलं होतं का, एकाच आठवड्यात सात जणांना चेक देताना त्याच्या खात्यात काय होतं, खोली कधी रिकामी केली, यांतून हेतू दिसतो.

आता जरब. चेक न वटणं हा फौजदारी गुन्हा झाला तो १ एप्रिल १९८९ पासून. चेक-हुंड्यांच्या कायद्यात, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियमात, कलम १३८ घातलं गेलं. चेकवर लोकांचा विश्वास बसावा, तो देताना देणाऱ्यानं दहा वेळा विचार करावा, हा त्यामागचा उघड उद्देश होता. म्हणजे हे कलम जन्मानंच जरबेचं. आधी कैद एक वर्षापर्यंत होती. २००२ च्या दुरुस्तीनं ती दोन वर्षांपर्यंत नेली. दंड चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत होऊ शकतो.

मग जरब बसली का? सर्वोच्च न्यायालयापुढं आलेल्या माहितीनुसार ३१ डिसेंबर २०१९ रोजी देशात २ कोटी ३१ लाख फौजदारी खटले तुंबले होते आणि त्यातले ३५ लाख १६ हजार एकट्या चेकचे होते. एवढ्यावरून जरब अजिबात बसली नाही असा निष्कर्ष मी काढणार नाही. चेकचा वापरही वाढला होता, आणि भीतीपोटी जे चेक निमूट वटले त्यांची मोजणी कुठंच होत नाही. जरबेचं हेच अवघड आहे: ती बसते तेव्हा काहीच घडत नाही, त्यामुळं ती दाखवता येत नाही.

पण ती कशानं बसते याबद्दल बरंच ठाऊक आहे. मिलानच्या चेझारे बेकारिया यानं १७६४ मध्येच लिहून ठेवलं की माणसाला शिक्षेच्या कडकपणापेक्षा तिची खात्री जास्त रोखते, आणि गुन्ह्यानंतर शिक्षा जितकी लवकर तितकी ती मनावर ठसते. नंतरचं संशोधनही साधारण याच बाजूनं बोलतं. आपल्या व्यापाऱ्याच्या जागी बसून बघा. सात जणांकडून मिळून वीसेक लाख त्याच्या हातात आज आहेत. शिक्षा दोन वर्षं की चार, याचा हिशेब तो करत बसत नाही. सातांपैकी किती जण मुदतीत नोटीस पाठवतील, समन्स बजावायला आपला पत्ता सापडेल का, निकाल किती वर्षांनी लागेल, हे तो बघतो.

आणि मुदती खरोखर आडव्या येतात. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकावा लागतो. तो परत आल्याचं बँकेनं कळवलं की तीस दिवसांत लेखी नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यावर देणाऱ्याला पंधरा दिवस मिळतात. त्यात पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. व्यापारी फोनवर गोड बोलतो, "काका, आठ दिवस थांबा, मार्केटमधून पैसे सुटतायत," आणि असे चार आठवडे निघून जातात. सातांपैकी तिघांची नोटीस राहिली ती अशीच. चेकची मुदत उरली असेल तर तो पुन्हा टाकून नव्यानं सुरुवात करता येते, पण हे माहीत असलेला शेतकरी विरळा. खटला सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा असं कलम १४३ सांगतं. प्रत्यक्षात वर्षं जातात. कागदावरची शिक्षा वाढवून ही गळती बुजत नाही. "शिक्षा कडक करा" अशी मागणी ऐकली की मला आधी विचारावंसं वाटतं, सध्याची किती जणांना आणि किती दिवसांत मिळते?

आता आबांचं तिसरं वाक्य, आणि मला स्वतःला सर्वांत जवळचं. फळ आणि जरब या दोन्ही विचारांत एक माणूस बाजूला उभा राहतो, तो म्हणजे ज्याचं नुकसान झालं तो. खटला राज्य चालवतं, तो साक्षीदार होतो. आरोपीला दंड झाला तर तो सरकारजमा होतो, हे ऐकून आबांसारखे लोक अवाक होतात. दंडातून किंवा वेगळी रक्कम ठरवून नुकसानभरपाई देण्याचा अधिकार कोर्टाला आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ मध्ये होता, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ मध्ये आहे. दोषी ठरवल्यावर भरपाई द्यायची की नाही याचा विचार करणं हे प्रत्येक फौजदारी न्यायालयाचं कर्तव्यच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं. तरी वकिलानं मुद्दा उठवावा लागतो.

पण भरपाई हा सांधण्याचा फक्त एक भाग. कॅनडातल्या एल्मायरा गावात १९७४ मध्ये दोन तरुणांनी एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यानं न्यायाधीशाला सुचवलं की या पोरांना त्या घरांच्या दारात नेऊ. ती पोरं दारोदार गेली, ज्यांचं नुकसान केलं त्यांच्यासमोर उभी राहिली, कुणाचं किती गेलं ते ऐकलं आणि पुढच्या काही महिन्यांत ते भरून दिलं. आजच्या पुनर्स्थापक न्यायाची गोष्ट बहुतेकदा इथून सांगितली जाते. यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी कबुली, मग नुकसान झालेल्याच्या तोंडून ऐकणं, मग काय भरून द्यायचं ते दोघांनी मिळून ठरवणं, आणि ते पार पडतंय का हे बघणारा तिसरा कुणीतरी. कबुली वगळून नुसते पैसे फेकले तर तो सौदा होतो.

आपल्या भागाला हे परकं नाही. गावातले तंटे सामोपचारानं गावातच मिटावेत म्हणून राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ती आणणारे तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील याच तालुक्यातल्या अंजनीचे. बांधावरची भांडणं, भावकीतल्या वाटण्या अशा समित्यांनी मिटवल्या. पण सांधण्यातला धोकाही इथंच कळतो. मिटवण्यावर गावाला बक्षीस असेल, तर दुबळ्या बाजूला "आता घे मिटवून, गावाचं नाव खराब करतोस का" असं म्हणणारे चार जण लगेच उभे राहतात. तडजोड खरी आहे की लादलेली, हे ओळखायला मी एकच गोष्ट बघतो: नुकसान झालेला माणूस "नाही" म्हणाला असता, तर त्याला गावात राहणं अवघड झालं असतं का?

इथं एक नेहमीची गल्लत दूर करायला हवी. सांधणं म्हणजे गुन्हेगाराला सुधारणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. आपल्या जिल्ह्यातलं आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर बघा. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांच्यासोबत काम करणारे मॉरिस फ्रीडमन यांनी १९३९ मध्ये तिथं भिंती नसलेली कैद्यांची वसाहत उभी केली. कैदी शेती करायचे, बायकामुलांसह राहायचे, पहारा नावापुरता. आजही ती खुली वसाहत म्हणून चालू आहे. मला तिचा अभिमान वाटतो. पण तिथं माणूस सुधारतो. ज्याचं त्यानं नुकसान केलं तो तिथं कुठंच नसतो. सुधारणा हा शिक्षेचा वेगळाच हेतू आहे आणि तोही मोलाचा. सांधण्यात मात्र नुकसान झालेला मध्यभागी बसतो. त्याच्याविना ते होत नाही.

आता आबांच्या खटल्याकडं परत येऊ, कारण ओढाताण इथं दिसते. तक्रार दाखल झाली, व्यापारी सापडला, कोर्टात आला. त्यानं गुन्हा नाकारला, तेव्हा कलम १४३अ खाली चेकच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागता येते. आम्ही मागितली आणि ६४ हजार मिळाले. तीन वर्षांनी व्यापाऱ्याच्या वकिलाचा निरोप आला: एकूण २ लाख ४० हजारांत मिटवू, मिळालेले ६४ हजार त्यातच धरा.

आबांच्या घरात त्यावर दोन रात्री चर्चा झाली. काकूंना मिटवायचं होतं. मुलगा म्हणाला, "मग त्याला काय शिक्षा झाली?" मी कागद घेऊन हिशेब मांडला. मुद्दल ३ लाख २० हजार. चेकच्या खटल्यांत भरपाई ठरवताना वर्षाला नऊ टक्के सरळ व्याज धरावं असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सुचवलं होतं. वर्षाचे २८ हजार ८००, तीन वर्षांचे ८६ हजार ४००. म्हणजे ४ लाख ६ हजार ४००. शिवाय त्या वर्षी सोसायटीचं कर्ज मुदतीत गेलं नाही म्हणून व्याजसवलत बुडाली आणि खरड छाटणीला उसने काढावे लागले, ते वेगळंच.

या उजेडात २ लाख ४० हजार बघा. सांधण्याच्या बाजूनं ते अर्धवट आहे, मुद्दलसुद्धा पुरी होत नाही. जरबेच्या बाजूनं ते घातकच. शेतकऱ्याचे पैसे तीन वर्षं बिनव्याजी वापरायचे आणि शेवटी ८० हजार कमी द्यायचे, एवढंच व्यापारी यातून शिकेल. कुठली बँक इतकं स्वस्त कर्ज देते? फळाच्या बाजूनं तर काहीच झालं नाही, कारण चूक झाली असं कुणी म्हटलेलंच नाही.

तरी मिटवणं चूक असतं असं नाही. चेकच्या गुन्ह्यात शिक्षेपेक्षा भरपाईला प्राधान्य द्यावं असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये स्पष्ट केलं आणि सोबत एक शहाणी तरतूद घातली: तडजोड जितकी उशिरा, तितका चेकच्या रकमेचा जास्त टक्का आरोपीनं विधी सेवा प्राधिकरणाकडं भरायचा. टक्के नंतर बदलले, पण कल्पना तीच राहिली. सांधायला वाव द्यायचा आणि ताणत बसण्याला जरबही ठेवायची, हे एकाच वाक्यात जमलं आहे. भारतीय न्याय संहितेतही असं एक मिश्रण आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्यानं पाच हजारांहून कमी किमतीची चोरी केली असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा.

आबांनी माझ्या हिशेबाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि पुढच्या तारखेला तोच समोर धरला. घासाघीस होऊन ३ लाख ८० हजारांवर आलं, दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता खात्यात जमा झाल्यावरच तक्रार मिटेल, अशी अट लिहून घेतली. ही अट विसरलेल्यांचे हाल मी पाहिले आहेत. आबांना आणखी एक हवं होतं, व्यापाऱ्यानं गावात येऊन सातही जणांसमोर चूक कबूल करावी. त्याला तो तयार झाला नाही. पैसे आले, तो आला नाही.

फसवणुकीची पोलिसात दिलेली फिर्याद मात्र वेगळी चालू आहे. ती मिटवायची तर कोर्टाची परवानगी लागते आणि ज्यांची ज्यांची फसवणूक झाली त्यांची संमतीही. सातांपैकी चौघांना अजून एक रुपया मिळालेला नाही. आबांना साक्षीचं समन्स आलं तेव्हा मी म्हणालो, तुमचा व्यवहार तर मिटला, जाणार ना? त्यांनी तारीख विचारली. ती नेमकी फळछाटणीच्या आठवड्यात आली होती. मजुरांना आदल्या दिवशी बोलावून उरकून घेतो आणि सकाळच्या एसटीनं येतो, असं सांगून ते पिशवी उचलून गेले.